केसमधला ग्रुपथिंक आणि सोशल लोफिंग: चार-पाच ओळींतून नेमकं ओळखायचं कसं

संघटनात्मक वर्तनाच्या पेपरात टीमवर एक छोटी केस येते. बैठक, सात-आठ माणसं, काहीतरी बिघडलेलं, आणि शेवटी प्रश्न: 'या गटात कोणती घटना दिसते?' पर्यायांत ग्रुपथिंकही असतं आणि सोशल लोफिंगही. व्याख्या पाठ असलेली मुलंसुद्धा इथे चुकतात, कारण केसमध्ये व्याख्या लिहिलेली नसते. तिथे असतं 'बाकीचे सदस्य काही बोलले नाहीत' असं एखादं वाक्य, आणि ते दोन्हीकडे बसतं. गप्प बसलेला माणूस शंका गिळून बसलाय की काम टाळून, हे ओळखता आलं की निम्मं उत्तर हाती येतं.

एमबीए, बीबीए, एमकॉम किंवा नेटसारख्या परीक्षांत बहुपर्यायी प्रश्न असो वा पाच-दहा गुणांचं लेखी उत्तर, खालचा क्रम दोन्हीकडे चालतो. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. बहुतेक चुका चौथ्या पायरीचं काम पहिल्यालाच केल्याने होतात.

## तयारी: कच्च्या पानावर दोन रकाने

सरावाला बसताना कच्च्या पानावर उभी रेघ मारा. डाव्या रकान्याच्या डोक्यावर लिहा 'मत दाबलं', उजव्याच्या डोक्यावर 'मेहनत घटली'. डावीकडे ग्रुपथिंकचा पुरावा जाईल, उजवीकडे सोशल लोफिंगचा.

आठवणीतून इतकंच लागेल. ग्रुपथिंक ही अर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९७२ च्या पुस्तकात मांडलेली संकल्पना आहे. एकजीव गटाला एकमत टिकवण्याची इतकी ओढ लागते की तो पर्याय नीट तपासत नाही. जॅनिसने आठ लक्षणं सांगितली: आपलं काही बिघडणार नाही हा भ्रम, आपण नैतिकदृष्ट्या बरोबरच आहोत ही खात्री, धोक्याच्या सूचनांना सगळ्यांनी मिळून शोधलेली सबब, विरोधकांबद्दल ठोकळेबाज समज, स्वतःच्या शंकेवर स्वतःच घातलेली बंदी, एकमत असल्याचा भास, विरोध करणाऱ्यावर थेट दबाव, आणि नको ती माहिती गटापर्यंत पोचू न देणारा स्वयंघोषित पहारेकरी.

सोशल लोफिंग म्हणजे तोच माणूस एकटा असताना जितका जोर लावतो, त्यापेक्षा कमी जोर गटात लावतो. व्याख्येत तुलना आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. तिसऱ्या पायरीत तिचं काम पडेल.

तपासा: आठ लक्षणं क्रमाने म्हणता आली नाहीत तरी हरकत नाही. पण 'शंकेवर स्वतःच घातलेली बंदी' आणि 'थेट दबाव' यांत फरक काय, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून सराव सुरू करू नका.

## पायरी १: आधी प्रश्न वाचा, मग केस

'कोणती घटना' असा प्रश्न असेल तर एकच नाव लागतं. 'कोणतं लक्षण' असेल तर नाव पुरत नाही, आठांपैकी एक निवडावं लागतं. 'कोणत्या कारणाने' असेल तर लक्षण लिहून गुण मिळत नाहीत.

शेवटच्या प्रकारात सर्वांत जास्त गुण जातात. गट एकजीव असणं, बाहेरच्या जगापासून तुटलेला असणं, नेत्याने आधीच मत सांगून टाकणं, पर्याय तपासायची ठरलेली पद्धत नसणं, डोक्यावर ताण असणं ही ग्रुपथिंकला पोसणारी परिस्थिती आहे. ही लक्षणं नव्हेत. 'टीम पाच वर्षं एकत्र आहे, त्यांचं छान जमतं' हे वाक्य वाचून लगेच ग्रुपथिंकवर खूण करू नका. छान जमणाऱ्या कितीतरी टीम उत्तम निर्णय घेतात. त्या वाक्याने जमीन तयार झाली एवढंच कळतं, पीक उगवलं का ते पुढच्या ओळींत शोधायचं.

सोशल लोफिंगचंही असंच आहे. गट मोठा असणं, सगळ्यांना सारखेच गुण मिळणार असणं, कुणी किती केलं ते दिसत नसणं ही कारणं झाली. प्रत्यक्ष मेहनत घटल्याचं वाक्य जोवर सापडत नाही तोवर उजवा रकाना रिकामा ठेवा.

## पायरी २: गटापुढचं काम कोणतं, निर्णय की मेहनत?

केसमधलं मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारा. 'ठरवलं', 'मंजूर केलं', 'निवड केली', 'ठराव पास झाला' अशी क्रियापदं असतील तर बिघाड निर्णयात आहे. 'भरलं', 'लिहिलं', 'गोळा केलं', 'उचललं', 'पूर्ण झालं नाही' अशी असतील तर बिघाड कामाच्या प्रमाणात किंवा दर्जात आहे.

दोन केस शेजारी ठेवून बघू.

*केस अ.* एका औषध कंपनीच्या समितीत सात जण आहेत. मागची तिन्ही उत्पादनं यशस्वी झाली. नवं सिरप पावसाळ्याआधी बाजारात आणायचंच, असं विभागप्रमुख बैठकीच्या सुरुवातीलाच म्हणाले. गुणवत्ता विभागाच्या अधिकाऱ्याला टिकाऊपणाच्या चाचणीचे आकडे खटकले होते, पण बाकीचे उत्साहात दिसले म्हणून त्या बोलल्या नाहीत. 'कुणाची हरकत नाही ना?' असं विचारलं गेलं, कुणी काही म्हटलं नाही, आणि प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

*केस आ.* बीबीएच्या नऊ विद्यार्थ्यांच्या गटाला ३०० प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. सगळ्यांना एकच गुण मिळणार होता, आणि कुणी किती भरायच्या ते ठरलं नव्हतं. मुदतीच्या दिवशी १४० प्रश्नावल्या जमल्या. मागच्या सत्रात याच विद्यार्थ्यांनी तेवढ्याच दिवसांत एकेकट्याने प्रत्येकी ४० भरल्या होत्या.

केस अ मध्ये सगळे हजर आहेत, कामात आहेत, उत्साहातही आहेत. मेहनत कमी पडल्याचा एकही शब्द नाही. हरवला तो आक्षेप. केस आ मध्ये कुणाचंही मत दाबलं गेलेलं नाही, किंबहुना मत मांडायचा प्रसंगच नाही. हरवले ते हातपाय.

इशारा: निर्णयाची केस म्हणजे ग्रुपथिंकच असं धरून चालू नका. समितीतल्या चौघांनी अहवाल न वाचताच हात वर केले, 'कुणीतरी वाचला असेलच' या भरवशावर, तर काम निर्णयाचं असूनही ते सोशल लोफिंग आहे. विचार करणं हीसुद्धा मेहनतच, आणि तीही दुसऱ्यावर ढकलता येते. म्हणून या पायरीत अंदाज बांधायचा, उत्तर नाही.

## पायरी ३: गप्प का बसले?

सगळा फरक इथे पडतो, त्यामुळे इथे घाई करू नका. केसमधल्या शांत माणसाला मनातल्या मनात दोन प्रश्न विचारा.

पहिला: याच्याकडे सांगण्यासारखं काही होतं का? उत्तर 'होतं, पण सांगितलं नाही' असेल तर डावा रकाना. 'काहीच नव्हतं, कारण त्याने त्यात डोकं घातलंच नव्हतं' असेल तर उजवा.

दुसरा: हाच माणूस एकटा जबाबदार असता तर काय बदललं असतं? सोशल लोफिंगमध्ये त्याने जास्त काम केलं असतं. ग्रुपथिंकमध्ये त्याने वेगळा निर्णय घेतला असता, किंवा निदान शंका कागदावर आणली असती.

गप्प बसण्याचं कारण केस लिहिणारा सहसा एखाद्या छोट्या जोडशब्दात पेरतो. 'सगळे राजी दिसले म्हणून', 'वातावरण बिघडू नये म्हणून', 'टीममध्ये एकटं पडू नये म्हणून' हे ग्रुपथिंककडे नेतात. 'कुणी तपासणार नव्हतं म्हणून', 'बाकीचे करतीलच म्हणून', 'माझ्या वाट्याने काय फरक पडणार म्हणून' हे सोशल लोफिंगकडे. तेव्हा केस दुसऱ्यांदा वाचताना 'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे' यांभोवती गोल करा.

आणि कारण दिलेलंच नसेल तर? 'तिघे बैठकीत शांत होते' एवढंच असेल तर ते वाक्य कुठल्याच रकान्यात टाकू नका. ते पुरावा नाही. आपल्याला गटकामाचे कडू अनुभव असतात, आणि शांत माणूस दिसला की आपण त्याला लगेच कामचुकार ठरवतो. परीक्षकाला तुमच्या वर्गातला तो मित्र माहीत नाही.

### तुलनेचं वाक्य शोधा

सोशल लोफिंगवर ठाम खूण करायची तर एकट्याची कामगिरी आणि गटातली कामगिरी यांची तुलना उघड किंवा सूचित लागते. केस आ मध्ये ती उघड आहे: एकेकट्याने ४०, म्हणजे नऊ जणांचे ३६०, गटात मिळून १४०, म्हणजे माणशी साधारण १५ ते १६. अशी तुलना नसेल आणि केस फक्त एवढं सांगत असेल की 'महेशने काम कमी केलं', तर महेश घरीही तितकंच करत असेल. कौशल्य कमी असेल, आजारी असेल, काम समजलं नसेल. तुलना नसली तर निदान गटामुळे जबाबदारी पसरल्याची खूण हवी, जसं 'कुणी किती केलं ते कळत नव्हतं'.

### जोर घटला की ताळमेळ चुकला?

इथे एक जुना प्रयोग कामाला येतो. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमन याने माणसांना दोर ओढायला लावला. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघांच्या गटात माणशी ९३, तिघांत ८५ आणि आठ जणांत ४९ इतकाच उरला. पण हा सगळा आळस होता का? आठ जण एकाच क्षणी, एकाच दिशेला ओढत नाहीत, आणि तेवढा जोर वाया जातोच. हा ताळमेळाचा तोटा. १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे आणखी माणसं ओढतायत असं भासवलं. प्रत्यक्षात दोर ओढणारा माणूस एकच होता, म्हणजे ताळमेळाचा प्रश्नच नव्हता. तरी जोर घटला. हा उरलेला तोटा प्रेरणेचा. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर तेच दाखवलं आणि त्याला सोशल लोफिंग हे नाव रुळलं.

केस वाचताना याचा उपयोग असा. 'दोघांनी एकच प्रकरण लिहिलं आणि तिसरं कुणीच लिहिलं नाही', 'एकच यंत्र होतं आणि बाकीचे वाट बघत राहिले' ही वाक्यं ताळमेळाच्या तोट्याची आहेत. उत्पादन घटलं, पण कुणी अंग राखलेलं नाही. पर्यायांत 'समन्वयाचा अभाव' दिसत असेल तर असं वाक्य केसमध्ये आहे का ते आधी पाहा.

तपासा: या पायरीनंतर दोन्ही रकान्यांत मिळून किमान एक *वाक्य* हवं. तुमचा निष्कर्ष नव्हे, केसमधले शब्द. नसेल तर पुन्हा वाचा.

## पायरी ४: प्रत्येक वाक्याला एकच नेमकं लक्षण

'ग्रुपथिंक आहे' एवढं कळल्यावर मुलं आठही लक्षणं लिहून मोकळी होतात. चार ओळींच्या केसमध्ये आठ लक्षणं मावत नाहीत, आणि परीक्षकाला कळतं की पाठांतर ओतलंय. दोन-तीन लिहा, पण प्रत्येकाला केसमधले शब्द जोडा.

तीन लक्षणांची नेहमी गल्लत होते. त्यांतला फरक दोन खऱ्या घटनांतून चटकन बसतो.

एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरच्या बे ऑफ पिग्ज स्वारीचा निर्णय अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या सल्लागार गटाने घेतला, आणि ती स्वारी फसली. त्या गटातल्या आर्थर श्लेसिंजर यांना ही योजना पटली नव्हती. त्यांनी ते राष्ट्राध्यक्षांना लेखी कळवलंही होतं, पण बैठकांमध्ये ते गप्प राहिले आणि नंतर त्याबद्दल त्यांनी स्वतःलाच दोष दिला. बैठकीतलं ते मौन म्हणजे शंकेवर स्वतःच घातलेली बंदी. त्या खोलीत त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. पुढे राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी श्लेसिंजर यांना बाजूला घेऊन सांगितलं की राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झालाय, आता विरोध ताणू नका. वेगळं मत नेत्यापर्यंत पोचू न देणारा हा पहारेकरी. जॅनिसने हे उदाहरण त्याच नावाखाली दिलं आहे.

आता चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान. २८ जानेवारी १९८६ ला यान उडालं आणि फुटलं. आदल्या रात्रीच्या दूरध्वनी बैठकीत बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी उघड आक्षेप घेतला होता: ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली, उड्डाण नको. मग कंपनीची माणसं आपसात बोलायला बाजूला झाली. तिथे एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं, आणि शिफारस बदलली. इथे 'स्वतःच घातलेली बंदी' लिहिलं तर चूक, कारण अभियंते बोलले होते. बोललेल्या माणसाला मागे रेटलं गेलं, म्हणजे थेट दबाव.

तेव्हा विचारायचं ते असं: तो बोललाच नाही का, बोलल्यावर त्याला दाबलं का, की माहितीच वाटेत अडवली? तीन उत्तरांना तीन लक्षणं.

'एकमत असल्याचा भास' हे चौथं गोंधळाचं. एकमताने ठराव होणं म्हणजे भास नव्हे. कुणाच्या तरी मनात शंका होती आणि तरी शांततेला होकार समजलं गेलं, तरच भास. केस अ मध्ये तो आहे, कारण गुणवत्ता अधिकाऱ्याची शंका आपल्याला माहीत आहे.

इशारा: निर्णय फसला म्हणून ग्रुपथिंक होत नाही. सगळे पर्याय तपासून, भांडून घेतलेला निर्णयही फसतो. उलट ग्रुपथिंकमधून घेतलेला निर्णय नशिबाने तरूनही जातो. केसचा शेवट झाकून वाचा; प्रक्रियेच्या ओळींवरून उत्तर देता आलं पाहिजे.

## पायरी ५: शेजारचे पर्याय बाद करा

बहुपर्यायी प्रश्नात बाकीचे तीन पर्याय उगाच नसतात. सगळ्यात त्रासदायक दोन शेजारी आहेत.

*गट ध्रुवीकरण.* चर्चेआधी सदस्यांचा कल थोडा जोखमीकडे होता, चर्चेनंतर तो खूप जोखमीकडे गेला. इथे मतं दाबली जात नाहीत, मोकळेपणी बोलली जातात आणि बोलूनच टोकाला जातात. केसमध्ये चर्चेआधीची आणि नंतरची मतं दिली असतील तर या पर्यायाकडे पाहा.

*फुकट्या आणि 'मीच का मरू' परिणाम.* दोन्ही सोशल लोफिंगच्या घरातलेच, पण प्रश्न बारीक असेल तर वेगळे करावे लागतात. फुकट्याला वाटतं, माझ्यावाचून काम होतंय, मी कशाला करू. दुसरा दिसायला तसाच, पण कारण उलटं: इतर अंग राखतायत आणि त्यांच्या वाट्याचं मी ओढतोय, म्हणून तो हात आखडतो. 'आपला वापर होतोय' असं वाक्य दिसलं तर दुसरा.

बाकी साधी अनुरूपता, म्हणजे ॲशच्या रेघांच्या प्रयोगातली. अनोळखी माणसांच्या घोळक्यातही माणूस बहुमताकडे झुकतो. एकजीव गट आणि त्याने घेतलेला निर्णय नसेल तर ग्रुपथिंक न म्हणता अनुरूपता म्हणा.

## पायरी ६: मिश्र केस वाक्यावाक्याने सोडवा

दहा गुणांच्या प्रश्नात दोन्ही घटना एकाच केसमध्ये असू शकतात. सरावासाठी ही घ्या. वाक्यांना मुद्दाम क्रमांक दिले आहेत.

(१) एका नागरी पतसंस्थेच्या संगणकीकरण समितीत आठ जण आहेत. (२) आठही जण दहा वर्षं संस्थेत आहेत आणि एकमेकांच्या घरच्या कार्याला जातात. (३) पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी एका विक्रेत्याचं सॉफ्टवेअर आपल्याला पसंत असल्याचं सांगितलं. (४) दुसऱ्या विक्रेत्याचं स्वस्त दरपत्रक सचिवांनी 'उगाच गोंधळ नको' म्हणून समितीपुढे ठेवलंच नाही. (५) जुनी खाती नव्या प्रणालीत नीट उतरतील का, अशी हिशेबनिसांना शंका होती, पण सगळे राजी दिसले म्हणून ते बोलले नाहीत. (६) ठराव एकमताने झाला. (७) मग ४,८०० खात्यांची माहिती भरायचं काम आठही जणांवर मिळून सोपवलं. सगळ्यांनी एकच सामाईक लॉगिन वापरायचं होतं आणि ते एकाच वेळी सगळ्यांना वापरता येत होतं. (८) चाचणीच्या आठवड्यात स्वतंत्र लॉगिनवर प्रत्येकाने दिवसाला ६० खाती भरली होती. (९) आता आठ जण मिळून दिवसाला २६० भरू लागले. (१०) दोघे म्हणाले, 'बाकीचे हात चालवत नाहीत, आम्हीच का मरायचं?'

वाक्य १ मध्ये काही नाही, सोडून द्या. २ आणि ३ ग्रुपथिंकची पूर्वपरिस्थिती: एकजीव गट आणि आधीच मत सांगणारा नेता. ती डाव्या रकान्याखाली, पण 'कारण' अशी खूण करून. ४ पहारेकरी. ५ शंकेवर स्वतःच घातलेली बंदी. ६ एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण ५ च्या शेजारी ठेवलं की एकमताचा भास होतो.

७ पासून क्रियापद बदललं: 'ठराव झाला' वरून 'भरायचं'. केस इथे दुमडते, आणि बहुतेक विद्यार्थी ही घडी न बघता सगळ्याला ग्रुपथिंक म्हणतात. ७ चा पहिला भाग कारण देतो: सामाईक लॉगिनमुळे कुणी किती भरलं ते दिसत नाही. दुसरा भाग ताळमेळाचा पर्याय बाद करतो. 'एका वेळी एकालाच वापरता येत होतं' असं असतं तर काम घटण्याचं कारण रांग ठरलं असतं, आळस नव्हे. ८ आणि ९ तुलना देतात: ८ गुणिले ६०, म्हणजे दिवसाला ४८० अपेक्षित होती; झाली २६०, म्हणजे साधारण ५४ टक्के. दहा दिवसांचं काम आता एकोणिसाव्या दिवसापर्यंत जाणार. १० हे 'मीच का मरू' परिणामाचं. त्या दोघांना सरसकट फुकटे म्हणू नका.

उत्तराचा मसुदा असा होईल:

> या केसमध्ये दोन टप्प्यांत दोन वेगळ्या घटना दिसतात. सॉफ्टवेअर निवडताना ग्रुपथिंक दिसतं: सचिवांनी दुसरं दरपत्रक रोखलं (पहारेकरी), हिशेबनिसांनी शंका गिळली (स्वतःवरची बंदी), आणि शांततेला होकार समजून ठराव एकमताने झाला (एकमताचा भास). गटाची जवळीक आणि अध्यक्षांनी आधीच सांगितलेलं मत ही त्यामागची कारणं. माहिती भरताना सोशल लोफिंग दिसतं: स्वतंत्र लॉगिनवर माणशी ६० खाती होत होती, सामाईक लॉगिनवर माणशी ३२ ते ३३ झाली. सगळ्यांना एकाच वेळी काम करता येत होतं, म्हणून हा ताळमेळाचा तोटा नाही. दोघांचा उद्गार 'मीच का मरू' परिणाम दाखवतो.

पहिल्या वाक्यात 'दोन टप्पे, दोन घटना' हे आलंच पाहिजे. पुढे प्रत्येक दाव्याच्या मागे केसमधली कृती किंवा आकडा. व्याख्या वेगळी मागितली नसेल तर ती एका ओळीपलीकडे नेऊ नका.

## पायरी ७: उपाय ज्याचा त्यालाच

'उपाय सुचवा' असा उपप्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, आणि बरोबर ओळखलेली केस इथे हातची जाते.

ग्रुपथिंकला जॅनिसचे उपाय: नेत्याने आपलं मत सुरुवातीला न सांगणं, एकाला मुद्दाम विरोधी बाजू मांडायला देणं, दोन उपगटांनी वेगवेगळं तपासणं, बाहेरचा जाणकार बोलावणं, अंतिम निर्णयाआधी शंका काढायला आणखी एक बैठक घेणं. सोशल लोफिंगला: प्रत्येकाचं काम दिसेल अशी सोय, माणशी ठरलेला वाटा, लहान गट, सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण. आपल्या केसमध्ये स्वतंत्र लॉगिन आणि माणशी ६०० खाती हा सरळ उपाय आहे. तिथे विरोधी बाजू मांडणारा नेमून खाती भरली जाणार नाहीत. उलट ठराव करताना प्रत्येकाची मेहनत मोजली असती तरी हिशेबनीस बोलले नसतेच.

सगळ्यात फसवा उपाय म्हणजे 'टीम बिल्डिंग करून एकोपा वाढवावा'. एकोपा वाढला की सोशल लोफिंग कमी होतं. कराऊ आणि विल्यम्स यांनी १९९३ मध्ये ७८ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एकजीव गटांत ते कमी आढळलं. पण तोच एकोपा ग्रुपथिंकची पहिली पूर्वपरिस्थिती आहे. केस आ मधल्या विद्यार्थ्यांना तो चालेल. एकमेकांच्या घरच्या कार्याला जाणाऱ्या आठ जणांच्या समितीला आणखी एकोपा सुचवलात, तर परीक्षक तिथेच लाल रेघ मारेल.

शेवटची तपासणी, एका मिनिटाची: लिहिलेला प्रत्येक उपाय बोटाने दाखवून विचारा, 'केसमधलं कुठल्या क्रमांकाचं वाक्य याने बदललं असतं?' स्वतंत्र लॉगिनने ७ बदलतं. अध्यक्षांच्या मौनाने ३ बदलतं. ज्याला क्रमांक सापडत नाही तो उपाय खोडा.